१.४३ मिग्रॅ फ्लोराइड: एका चाचणी अहवालाचा मसुदा तपासताना

यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळतं. तिथल्या एका निवासी शाळेनं आवारात नवी बोअर मारली आणि संस्थेच्या सचिवांनी त्या पाण्याचा नमुना आमच्या प्रयोगशाळेत आणून दिला. त्यांना हवा होता फ्लोराइडचा अहवाल, आणि त्यात पाणी मानकात बसतं की नाही हे स्पष्ट लिहिलेलं. चाचणी सरळ होती आणि यंत्र नीट चालत होतं. तरीही विश्लेषक मुलीनं तयार केलेला पहिला मसुदा माझ्याकडे तपासणीला आला तेव्हा तो तसाच सहीला पाठवता येणार नव्हता. त्यात काय होतं, काय बदललं आणि का, ते इथे सविस्तर मांडतो. जिथे निकाल मर्यादेच्या अगदी जवळ येतो, तिथेच अहवाल लिहिण्याचं खरं काम सुरू होतं.

मसुद्याचा गाभा चार ओळींचा होता:

> नमुना: बोअरवेलचे पिण्याचे पाणी
> चाचणी पद्धत: आयएस १०५००:२०१२
> फ्लोराइड: १.४३ ± ०.०१ मिग्रॅ/लिटर, मर्यादा १.५
> निष्कर्ष: नमुना पास. पाणी पिण्यायोग्य आहे.

वाचायला स्वच्छ. ग्राहकाला आवडेल असा. पण यातली प्रत्येक ओळ प्रयोगशाळेला जेवढं ठाऊक होतं त्यापेक्षा जास्त सांगत होती.

नमुना आणि व्याप्ती

नमुना आमच्या माणसानं घेतलेला नव्हता. सचिवांनी तो एका लिटरच्या प्लास्टिक बाटलीत भरून आणला होता. बाटलीवर चिकटवलेल्या कागदावर शाळेचं नाव, 'नवी बोअर' आणि तारीख लिहिली होती. फ्लोराइडपुरतं बोलायचं तर बाटलीत काही वावगं नव्हतं. या चाचणीला प्लास्टिकची बाटलीच लागते, वेगळं रसायन घालून नमुना टिकवावा लागत नाही आणि तो २८ दिवस चालतो. पण बोअर सुरू केल्यावर किती वेळ पाणी वाहू दिलं, बाटली कशानं विसळली, पाणी थेट बोअरचं होतं की टाकीतून आलेलं, हे आम्हाला माहीत नव्हतं. अशा वेळी चाचणी प्रयोगशाळांसाठीच्या आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अहवालात दोन गोष्टी लिहाव्या लागतात: नमुन्याची माहिती ग्राहकानं दिलेली आहे, आणि निकाल जसा मिळाला त्या नमुन्याला लागू आहेत. मसुद्यात 'बोअरवेलचे पिण्याचे पाणी' असं लिहिलं होतं, जणू आम्ही स्वतः जाऊन पाहिलं. म्हणून ते बदलून 'पाण्याचा नमुना, ग्राहकाच्या नोंदीनुसार नव्या बोअरवेलचा' असं केलं. नमुना मिळाल्याची तारीख, चाचणीची तारीख आणि ग्राहकानं सांगितलेली नमुना घेतल्याची तारीख या तिन्ही वेगवेगळ्या ओळींवर घेतल्या.

'पाणी पिण्यायोग्य आहे' हे वाक्य काढून टाकण्यात मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. आयएस १०५०० या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी कितीतरी घटक आहेत: नायट्रेट, आर्सेनिक, कठीणपणा, जिवाणू. आम्ही तपासला फक्त एक. जिवाणूंची चाचणी तर त्या बाटलीतल्या पाण्यावर करताच आली नसती, कारण तिला निर्जंतुक बाटली, थंड डब्यातून वाहतूक आणि काही तासांत चाचणी सुरू करणं लागतं. एका घटकाचा आकडा पाहून पाणी पिण्यायोग्य ठरवलं, तर त्या कागदाच्या भरवशावर शाळेत रोज कित्येक मुलं ते पाणी पितील. म्हणून व्याप्तीची ओळ अशी झाली: 'ग्राहकाच्या विनंतीनुसार फक्त फ्लोराइडची चाचणी केली आहे. पाण्याच्या एकूण पिण्यायोग्यतेबद्दल हा अहवाल काहीही सांगत नाही.'

पद्धत

'चाचणी पद्धत: आयएस १०५००' ही चूक मी इतक्या अहवालांत पाहिली आहे की ती आता कुणाला खटकतही नाही. आयएस १०५०० पाण्यात काय किती असावं ते सांगतं. ते कसं मोजावं, त्यासाठी वेगळी मानकं आहेत. पद्धतीच्या जागी मर्यादेचं मानक लिहिलं की वाचणाऱ्याला आकडा कसा आला हे कळतच नाही. आणि फ्लोराइडच्या बाबतीत ते कळणं महत्त्वाचं आहे, कारण रंगावर आधारलेल्या स्पॅड्न्स पद्धतीत जास्त क्षारता, लोह किंवा अ‍ॅल्युमिनियम असलं तर निकाल सरकतो. आम्ही वापरली ती आयन-निवडक इलेक्ट्रोडची पद्धत, एपीएचए या अमेरिकी संस्थेच्या मानक पद्धतींतली ४५००-एफ सी. अहवालात तेच लिहिलं, वापरलेल्या आवृत्तीसह.

पद्धत थोडक्यात अशी. नमुन्यात तितकंच टिसॅब द्रावण मिसळतात. ते द्रावणाचा पीएच ५ ते ५.५च्या दरम्यान धरून ठेवतं, सगळ्या द्रावणांतलं आयनांचं प्रमाण सारखं करतं आणि अ‍ॅल्युमिनियमसारख्या धातूंनी पकडून ठेवलेलं फ्लोराइड मोकळं करतं. मग इलेक्ट्रोड मिलिव्होल्ट दाखवतो. फ्लोराइड दहापट झालं की आकडा साधारण ५९ मिलिव्होल्टनं खाली येतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रोडचा उतार ५४ ते ६०च्या दरम्यान असला की तो ठीक चालतोय असं मानतात. आमचा त्या दिवशीचा उतार ५८.१ होता.

१.० मिग्रॅच्या प्रमाण द्रावणाला ८२.० मिलिव्होल्ट आले. नमुन्याच्या दोन भागांना ७३.२ आणि ७२.८. म्हणजे फरक ८.८ आणि ९.२. ८.८ला ५८.१नं भागून त्याचा दहाचा घात काढला की १.४२ येतं, ९.२चा १.४४. सरासरी १.४३. हा हिशेब मी वहीतून पुन्हा करून पाहिला आणि तो बरोबर होता. चूक पुढच्या आकड्यात होती.

± ०.०१ कुठून आलं

विश्लेषक मुलीला मी विचारलं, हे ± ०.०१ कसं काढलंस? तिनं सरळ सांगितलं, 'सर, दोन वाचनं १.४२ आणि १.४४ आली, सरासरीपासून दोन्हीकडे ०.०१.' तिला दोष देण्यात अर्थ नाही. बऱ्याच प्रयोगशाळांत आजही अनिश्चितता अशीच काढली जाते. पण एकाच माणसानं, एकाच तासात, एकाच इलेक्ट्रोडनं घेतलेली दोन वाचनं जवळजवळ आली, एवढंच त्यातून समजतं. प्रमाण द्रावणच १.०ऐवजी ०.९७ असेल तर दोन्ही वाचनं एकाच बाजूला सरकतील आणि तरीही एकमेकांच्या जवळच राहतील.

इलेक्ट्रोडच्या पद्धतीत हे विशेष जाणवतं. ५८.१ उतार असताना एका मिलिव्होल्टचा फरक म्हणजे निकालात सुमारे ४ टक्क्यांचा फरक, १.४३ मध्ये जवळपास ०.०६. सकाळी प्रमाण द्रावणं मोजली आणि दुपारी खोली तापल्यावर नमुना मोजला, तर हा एक मिलिव्होल्ट सहज हातून जातो. म्हणून सगळी द्रावणं एकाच तापमानाला आणून मग मोजायची असतात. दोन वाचनांच्या फरकात असलं काही दिसत नाही.

त्यामुळे अनिश्चितता काढायला त्या दिवसाच्या वहीबाहेर जावं लागलं. प्रयोगशाळेत १.५ मिग्रॅच्या आसपासचा एक नियंत्रण नमुना दर तुकडीबरोबर मोजला जातो. त्याच्या अनेक महिन्यांच्या नोंदी, वेगवेगळ्या विश्लेषकांनी, वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या, आलेखावर होत्या. त्यांचं सापेक्ष प्रमाण विचलन २.६ टक्के. तापमान, इलेक्ट्रोडचं म्हातारपण, माणसाचा हात, हे सगळं बरंचसं यातच येतं. दुसरा भाग निकाल एका बाजूला झुकतो का याचा. प्रमाणित संदर्भ पदार्थ मोजून काढलेला झुकाव नगण्य होता, पण तो आपण किती खात्रीनं ओळखला याचीही अनिश्चितता असते, ती २.० टक्के. तिसरा भाग प्रमाण द्रावण आणि त्याचं विरलीकरण, ०.६ टक्के. तिन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३.३ टक्के येतात. ०.६ टक्क्यांनी त्यात जवळजवळ भर पडलीच नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. पिपेटच्या अचूकतेवर दिवस घालवण्यापेक्षा नियंत्रण नमुन्याचा आलेख सुधारला तर अनिश्चितता खरोखर कमी होते.

ही संयुक्त प्रमाण अनिश्चितता. ती २ या कव्हरेज फॅक्टरनं गुणली की सुमारे ९५ टक्के विश्वासाची विस्तारित अनिश्चितता मिळते: ६.७ टक्के, म्हणजे १.४३ वर ०.१०. अहवालात ती एकट्या ±नं लिहून भागत नाही. कव्हरेज फॅक्टर आणि विश्वासपातळी सोबत नसली तर वाचणारा त्या आकड्याचा काय अर्थ लावेल ते सांगता येत नाही. म्हणून ओळ अशी झाली: 'फ्लोराइड १.४३ ± ०.१० मिग्रॅ/लिटर. नोंदवलेली अनिश्चितता ही विस्तारित अनिश्चितता असून कव्हरेज फॅक्टर २, विश्वासपातळी सुमारे ९५ टक्के. नमुना घेण्यातून येणारी अनिश्चितता यात धरलेली नाही.' शेवटचं वाक्य मी आग्रहानं घातलं. नमुना आमचा नव्हता, आणि बोअरमधलं फ्लोराइड पावसाळ्याआधी आणि नंतर बदलू शकतं. आमचे ०.१० त्या बाटलीतल्या पाण्यापुरते आहेत.

निष्कर्ष: दोन मर्यादा आणि एक नियम

मसुद्यात मर्यादा एकच होती, १.५. आयएस १०५००:२०१२ मध्ये फ्लोराइडसाठी दोन आकडे आहेत. स्वीकारार्ह मर्यादा १.० मिग्रॅ/लिटर, आणि पाण्याचा दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तरच लागू होणारी अनुज्ञेय मर्यादा १.५. यातला मोठा आकडा उचलून त्याच्यासमोर 'पास' लिहिणं म्हणजे शाळेला दुसरं पाणी मिळतच नाही असं आपणच ठरवून टाकणं. ते ठरवायचं काम प्रयोगशाळेचं नव्हे. निकालाच्या तक्त्यात दोन्ही मर्यादा, त्यांच्या अटीसकट, शेजारीशेजारी ठेवल्या.

१.० बद्दल वाद नव्हता. १.४३ मधून ०.१० वजा केले तरी १.३३ उरतात. नमुना स्वीकारार्ह मर्यादेच्या वर आहे, हे निःशंक म्हणता येत होतं.

१.५ बद्दल मात्र निर्णय नियमाशिवाय बोलताच येत नाही. निकाल मर्यादेच्या खाली आहे पण अनिश्चितता धरली तर मर्यादा ओलांडू शकतो, अशा वेळी काय म्हणायचं हे आयएस १०५०० सांगत नाही. हा धोका कुणी आणि किती घ्यायचा, हे चाचणीआधी ग्राहकाशी ठरवावं लागतं, आणि १७०२५ची अपेक्षाही तीच आहे. आमच्या विनंती अर्जात ती ओळ आहे. सचिवांना ती नमुना स्वीकारतानाच समजावून सांगितली होती आणि त्यांनी सही केली होती: मर्यादेच्या आत विस्तारित अनिश्चिततेएवढी पट्टी राखायची. १.५ साठी ती पट्टी ०.१० ची. म्हणजे १.४० किंवा त्याखाली आलं तर बिनशर्त 'मानकात बसते', १.४० ते १.५० मध्ये आलं तर सशर्त, खात्री कमी आहे हे सांगून.

१.४३ नेमकं या पट्टीत पडलं. मसुद्यातल्या ± ०.०१ नं हाच निकाल पट्टीबाहेर, खुशाल 'पास'मध्ये नेऊन ठेवला होता. एका चुकीच्या अनिश्चिततेनं निष्कर्ष कसा उलटतो, याचं मी पाहिलेलं हे सर्वांत स्पष्ट उदाहरण.

सचिवांना निकाल फोनवर कळला तेव्हा ते म्हणाले, 'सर, १.४३ हे १.५ पेक्षा कमीच आहे ना? मग सरळ पास लिहा. सरकारी कागदाला सशर्त वगैरे चालत नाही.' त्यांची अडचण खरी होती. कुणाच्या तरी टेबलावर तो कागद जायचा होता आणि तिथे एका शब्दाचं उत्तर मागितलं जाणार होतं. पण निकाल पाहिल्यावर नियम बदलला तर तो नियमच राहत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्या अनिश्चिततेप्रमाणे या नमुन्यात फ्लोराइड खरोखर १.५ च्या वर असण्याची शक्यता सुमारे ७ टक्के आहे. पट्टी थोडी अरुंद, ५ टक्के धोक्याची ठेवली असती तरी हद्द १.४२ वर आली असती आणि निकाल पट्टीतच राहिला असता. हे ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, 'ठीक आहे, पण मराठीत समजेल असं लिहा.'

ती मागणी अगदी रास्त होती. नमुना मानकात बसतो की नाही हे सांगणारं अंतिम अनुरूपता विधान असं गेलं:

> आयएस १०५००:२०१२ नुसार: फ्लोराइड स्वीकारार्ह मर्यादेपेक्षा (१.० मिग्रॅ/लिटर) जास्त आहे.
> पर्यायी स्रोत नसल्यास लागू असलेल्या अनुज्ञेय मर्यादेच्या (१.५ मिग्रॅ/लिटर) तुलनेत: मोजलेले मूल्य मर्यादेखाली आहे, परंतु मापनातील अनिश्चितता धरता मर्यादा ओलांडली गेली नसल्याची पूर्ण खात्री देता येत नाही. सशर्त अनुरूप.
> निर्णय नियम: विस्तारित अनिश्चिततेएवढी संरक्षक पट्टी, ग्राहकाशी चाचणीपूर्वी मान्य.

मत वेगळं

फोन ठेवण्याआधी सचिवांनी जे विचारलं, ते अहवालातल्या कुठल्याही ओळीपेक्षा महत्त्वाचं होतं: 'मग मुलांना द्यायचं की नाही?' अनुरूपता विधानात याचं उत्तर घुसवायचं नसतं. ते मत आहे, आणि मत म्हणून वेगळ्या मथळ्याखाली, ते देण्याचा अधिकार असलेल्या माणसाच्या सहीनं, कशाच्या आधारावर दिलं ते लिहून द्यावं लागतं. आम्ही ते वेगळ्या पत्रात दिलं. त्यात लिहिलं की कायमच्या दातांचं एनॅमल लहानपणीच, साधारण आठ वर्षांच्या आत, घडत असतं आणि जास्त फ्लोराइडचे डाग याच वयात बसतात. शाळेत या वयाची मुलं आहेत. आकडा स्वीकारार्ह मर्यादेच्या वर आहे. दुसरं पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेच वापरावं, बोअरचं पाणी धुण्याभांड्यांना चालेल. फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण उलट वाढतं, हेही त्यात घातलं, कारण पाणी उकळलं की झालं हा समज फार पसरलेला आहे. आणि पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोन नमुने आमच्या माणसाकडून घ्यावेत, तेव्हा जिवाणूंसह पूर्ण तपासणी करावी, असं सुचवलं.

अहवाल गेल्यानंतर काही दिवसांनी संस्थेतून फोन आला: बाटलीवर 'नवी बोअर' लिहिलं होतं ते चुकीचं, नमुना जुन्या बोअरचा होता, तेवढं दुरुस्त करून नवी प्रत पाठवा. आधीच्या फाइलमध्ये शब्द बदलून तोच क्रमांक परत पाठवणं सोपं होतं, आणि तेच करायचं नव्हतं. आम्ही संस्थेच्या पत्रावर लेखी विनंती मागितली. ती आल्यावर नव्या क्रमांकाचा सुधारित अहवाल काढला. त्यात मूळ अहवालाचा क्रमांक आणि तारीख, बदललेली एकच ओळ आणि तिचं कारण, 'ग्राहकाने दिलेल्या माहितीत ग्राहकाने केलेली दुरुस्ती', हे पहिल्या पानावर होतं. आकडे, अनिश्चितता आणि निष्कर्ष जसेच्या तसे राहिले, कारण ते बाटलीतल्या पाण्याबद्दल होते. नव्या बोअरचं पाणी अजून कुणी तपासलेलंच नाही, हे सुधारित अहवालासोबतच्या पत्रात ठळक लिहून दिलं.